मागावर बोट ठेवून दाखवता येईल, तेवढेच लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परदेशातील गिऱ्हाइकांसाठी घरच्या हातमागाची ओळख करून देणारा तुझा मजकूर वाचला आणि त्याखालचा प्रश्नही वाचला, की खरे तेवढेच लिहिले तर पान फार साधे होईल आणि कोणी थांबणार नाही. तुझी अडचण मला कळते. पण मागावर बोट ठेवून दाखवता येईल तेवढेच लिही, हे माझे म्हणणे मी सोडणार नाही.

पहिल्याच ओळीत तू 'हाताने कातलेले सूत' असे लिहिले आहेस. तुमच्या पडवीत सूत कोण कातते? गिरणीचे सूत लडींनी येते, तुझी आई त्याच्या कांड्या भरते आणि तुझे बाबा विणतात. हे हातमागाचे अस्सल कापड आहे, पण ते खादी नाही. खादीला विणकामाबरोबर सूतही हातकताईचे लागते, आणि २०१३ च्या खादी मार्क नियमांनुसार कापड खादी म्हणून विकायचे असेल तर त्यावर तो मार्क हवा. मुंबईतल्या एका निर्यातदाराने माझ्या पंच्यांवर खादीची चिठ्ठी लावायला सांगितली होती. मी नकार दिला, काम गेले, आणि त्या वर्षी घरात झालेली ओढाताण मला अजून सलते. तरीही तो नकार योग्यच होता, कारण माझ्या पडवीत चरखा नव्हता आणि विचारणाऱ्याला मी काय दाखवणार होतो?

रंगांचेही तसेच आहे. सगळे कापड 'नैसर्गिक रंगांचे, पर्यावरणपूरक' असे तू लिहिलेस. तुमचा लाल रंग रिअॅक्टिव्ह, म्हणजे रासायनिक आहे, तो मीठ-सोड्याच्या पाण्यात चढतो. हिरड्याच्या पाण्यात बुडवून मग लोखंडाच्या गंजाच्या पाण्यातून काढलेले राखाडी सूत तेवढे खरोखर वनस्पतींच्या रंगाचे आहे. तेव्हा राखाडी शेल्याखाली हिरडा आणि लोखंड लिही, लाल शेल्याखाली रिअॅक्टिव्ह रंग लिही, आणि 'पर्यावरणपूरक' हा शब्द काढून टाक. युरोपीय संघाचा २०२४/८२५ हा निर्देश २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होत असून त्यानंतर असे मोघम दावे पुराव्याशिवाय करता येणार नाहीत. पण कायद्याची भीती नसती तरी मी हेच सांगितले असते.

मग लिहायचे काय, असे तू म्हणशील. मागाशी जा आणि मोज. धुऊन वाळवलेला शेला सपाट पसर, भिंग धरून एका इंचात बाण्याचे, म्हणजे आडवे, किती धागे येतात ते तीन ठिकाणी मोज. मागावरचे ताणलेले कापड मोजू नकोस, कारण ते उतरवल्यावर आणि धुतल्यावर आटते. समज, इंचाला ४८ धागे आले आणि शेला ८० इंच लांब आहे, तर बाबांच्या हातून धोटा ३,८४० वेळा इकडून तिकडे गेला. हा आकडा कोणीही भिंग घेऊन तपासू शकतो. काठाजवळ ओळीने बारीक भोके दिसतात, ती कापड रुंदीत ताणून धरणाऱ्या टोकदार पट्टीची आहेत. गिऱ्हाईक ती दोष समजून माल परत पाठवते, म्हणून त्यांचे जवळून काढलेले छायाचित्र आणि कारण दोन्ही दे. मात्र या भोकांनाच हातमागाचा पुरावा म्हणू नकोस, यंत्रमागावरच्या कापडालाही अशा खुणा पडू शकतात.

आणि पावसाळा! तो तुझ्या मजकुरात कुठेच नाही, याचे मला सर्वांत नवल वाटले. आषाढ-श्रावणात दमट हवेने सुती धागा कमी तुटतो, विणायला बरे पडते. पण ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावलेली पेजेची खळ वाळत नाही आणि त्यावर बुरशी धरते. म्हणून मृग लागण्याआधी खळ दिलेले ताणे तयार ठेवावे लागतात, आणि ते संपले की नवा ताणा उघडीप मिळेपर्यंत लागत नाही. जुलैत मागणी करणाऱ्या हॅम्बुर्गच्या किंवा टोरंटोच्या माणसाला तू 'अपरिहार्य कारणास्तव विलंब' कळवतेस. त्याऐवजी त्याला हेच सांग: तुमच्या रंगाचा ताणा तयार आहे की नाही, नसेल तर तो कधी लावता येईल. विलंबाचे खरे कारण कळले की माणूस थांबतो, निदान माझी गिऱ्हाइके थांबली.

'पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा' या ओळीवरही मी काट मारली आहे. माग पणजोबांनी बसवला असे घरात सांगतात, तर 'घरात असे सांगतात' एवढेच लिही. साल ठाऊक नसताना साल घालू नकोस. आज मागावर कोण बसते, कांड्या कोण भरते, त्यांची नावे त्यांना विचारून घाल.

राखाडी शेल्यापासून सुरुवात कर. आधी मोजणी, मग छायाचित्रे, आणि शेवटी मजकूर, या क्रमाने काम कर, आणि मोजणीची वही मला दाखवल्याशिवाय इंग्रजी भाषांतर करायला देऊ नकोस.

तुझा,
काका