शब्द बदलले, वाक्य तेच राहिले

जळगाव

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

फैजपूर अधिवेशनावरचं तुझं प्रकरण वाचलं. संदर्भ जागच्या जागी आहेत, पण बरेच परिच्छेद मूळ पुस्तकाला फार चिकटून आहेत. त्यातल्या वाक्यांसारखंच एक उदाहरण घेऊ.

समज, पुस्तकात असं आहे: ‘१९३६ साली फैजपूरला भरलेले अधिवेशन हे खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन होते, त्यामुळे आसपासच्या शेतकऱ्यांना चळवळ आपली वाटू लागली असावी.’ आणि तू लिहितेस: ‘सन १९३६ मध्ये फैजपूर येथे झालेले अधिवेशन हे ग्रामीण भागातील काँग्रेसचे प्रथम अधिवेशन होते; परिणामी परिसरातील शेतकऱ्यांना चळवळ स्वतःची वाटू लागली.’

‘साली’चं ‘सन’ झालं, ‘त्यामुळे’चं ‘परिणामी’ झालं. पण वाक्याचा सांगाडा, उपवाक्यांचा क्रम, अगदी मध्ये थांबण्याची जागासुद्धा तीच राहिली. खाली संदर्भ दिला म्हणून हे चालत नाही. संदर्भामुळे विचार कुणाचा ते कळतं, शब्दरचना मात्र तुझी आहे असंच वाचणारा धरतो. आणि याहून मोठी चूक म्हणजे ‘असावी’ गळून पडलं. लेखकाचा अंदाज तू घडलेली गोष्ट म्हणून मांडलास. आता तो पृष्ठक्रमांक लेखकाने न केलेल्या विधानाला जोडला गेला आहे. समानार्थी शब्द शोधण्यात सगळं लक्ष गेलं, की असे छोटे शब्दच आधी हरवतात.

म्हणून वाक्य दुरुस्त करत बसू नकोस. उतारा वाच, पुस्तक मिटव आणि वहीत दोन-तीन तुटक टिपणं कर: ‘खेड्यातलं पहिलं अधिवेशन – सर्वज्ञात. शेतकऱ्यांची जवळीक – लेखकाचा अंदाज. पृष्ठ.’ मग तुझ्या प्रकरणाला यातलं काय हवंय ते ठरव आणि तिथून वाक्य सुरू कर. तुझा मुद्दा शेतकऱ्यांचा आहे, तर असं येईल: ‘फैजपूर परिसरातले शेतकरी चळवळीच्या जवळ आले असावेत, असा या लेखकाचा अंदाज आहे, अधिवेशन खेड्यात भरण्याशी तो त्याचा संबंध जोडतो.’ प्रत्यक्ष लिहिताना ‘या लेखकाचा’च्या जागी नाव घाल आणि शेवटी कंसात पृष्ठ दे.

यानंतर पुस्तक उघडून दोन्ही मजकूर शेजारी ठेव आणि सारखे शब्द पेन्सिलीने अधोरेखित कर. फैजपूर, १९३६, काँग्रेस हे सारखे असणारच, ते सोडून दे. पण ‘चळवळ आपली वाटू लागली’ असा सलग तुकडा राहिला आणि तो बदलावासाच वाटला नाही, तर सरळ अवतरणचिन्हांत घे, अक्षर न बदलता.

इंग्रजी पुस्तकातून घेतलेल्या भागांनाही हेच लागू. वाक्यागणिक केलेलं भाषांतर म्हणजे स्वतःची मांडणी नव्हे.

वाक्यांची जागा बदलली, की संदर्भ मागेच राहतो किंवा भलत्या वाक्याला चिकटतो. यावल तालुक्यातल्या मुलाखतींतून काढलेला तुझा निष्कर्ष पुस्तकाच्या कंसाआधी येता कामा नये, नाहीतर तोही त्या लेखकाच्याच नावावर जाईल. तेव्हा शेवटी प्रत्येक कंस धरून पुस्तकातलं ते पान पुन्हा उघड.

तुझे सर