विंडोची लांबी बदलून वॉक-फॉरवर्ड पास झालं, तर ते धरायचं का?

> दोन वर्षांच्या डेटावर सेटिंग ठरवून पुढच्या सहा महिन्यांवर तपासलं, तर तोटा. तीन वर्षं–तीन महिने केल्यावर मात्र आलेख मस्त वर जातोय. वॉक-फॉरवर्ड पास झालं समजून पैसे लावू का?

माझं मत विचाराल तर आत्ता लावू नका. (मी नोंदणीकृत सल्लागार नाही, तुमची स्ट्रॅटेजीही पाहिलेली नाही, तेव्हा त्या हिशेबानेच वाचा.)

वॉक-फॉरवर्ड म्हणजे मागच्या काळावर सेटिंग ठरवायची (ट्रेनिंग), लगेच पुढच्या तुकड्यावर तपासायची (टेस्ट), आणि हेच पुढे सरकत फेरीमागून फेरी करत जायचं. त्याची सगळी भिस्त पुढचा तुकडा सेटिंग ठरवताना वापरला नव्हता यावर असते. तुम्ही सेटिंग, म्हणजे समजा भावाच्या मूव्हिंग ॲव्हरेजची लांबी, त्या तुकड्यावर ठरवली नाहीत, हे बरोबर. पण विंडोची लांबी, म्हणजे ट्रेनिंग आणि टेस्ट किती काळाची, ती त्याच तुकड्यांचे निकाल बघून ठरवलीत. म्हणजे तीही एक सेटिंगच झाली, आणि ती चाचणीच्या काळावर ट्यून झाली.

हे मला इतकं लागतं याला कारण आहे. मी विकत घेतलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये ट्रेनिंगचे चार पर्याय (१ ते ४ वर्षं) आणि टेस्टचे चार (१, ३, ६, १२ महिने) अशा १६ जोड्या आपोआप चालवायची सोय होती. अहवालात दिसायची फक्त सगळ्यात चांगली जोडी. बाकी १५ कुठे आहेत, असं त्यांच्या सपोर्टला विचारलं तर उत्तर आलं, "त्यांची गरज नाही, टूलने सर्वोत्तम विंडो शोधली आहे." पुन्हा विचारलं तर तेच वाक्य. त्या एका ओळीच्या भरवशावर लावलेल्या पैशाचा मोठा भाग गेला. पुढे हाताने सोळाच्या सोळा चालवल्या, तेव्हा दोनच नफ्यात निघाल्या.

आता हिशेब बघा. समजा स्ट्रॅटेजीत काहीच दम नाही आणि अशी स्ट्रॅटेजी निव्वळ नशिबाने "पास" व्हायची शक्यता ५ टक्के आहे. सोळा वेगवेगळे प्रयत्न केले, तर त्यातला निदान एक पास होण्याची शक्यता १ − ०.९५^१६, म्हणजे सुमारे ५६ टक्के होते. प्रत्यक्षात सगळ्या जोड्या एकाच डेटावर चालतात, निकाल एकमेकांसारखे येतात, त्यामुळे आकडा याहून कमी असेल. पण ५ टक्के तर नक्कीच राहत नाही.

म्हणून सगळ्या जोड्यांचे निकाल शेजारी-शेजारी मांडा. बहुतेक नफ्यात असतील आणि शेजारच्या जोड्यांत फार फरक नसेल, तर धरायला जागा आहे. तीन वर्षं–तीन महिने सुरेख आणि तीन वर्षं–सहा महिने तोट्यात असेल, तर मी तरी सोडून देईन.

दुसरी तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण फुकट आहे. विंडो तीच ठेवा, फक्त सुरुवात एक महिना पुढे सरकवा. मग दोन महिने. जानेवारीपासून नफा आणि फेब्रुवारीपासून तोटा असं निघालं, तर तो नफा तुकडे नेमके कुठे पडले यातून आलेला आहे.

प्रत्येक फेरीत निवडलेली सेटिंग्जही लिहून काढा. सरासरीची लांबी ४०, ५०, ४०, ६० अशी हलली तर ठीक. ४०, १७०, ३०, १९० अशा उड्या असतील, तर ट्रेनिंगमध्ये टिकाऊ असं काही सापडत नाहीये, दर वेळी भावातली निरर्थक हालचालच पकडली जातेय.

मग विंडो ठरवायची कशी? निकाल बघण्याआधी, सौद्यांच्या संख्येवरून. तुमची स्ट्रॅटेजी वर्षाला १२ सौदे करत असेल, तर तीन महिन्यांच्या टेस्टमध्ये सरासरी तीनच येतात. दहा वर्षांच्या डेटात, तीन वर्षं ट्रेनिंग धरून, अशा २८ फेऱ्या होतात, म्हणजे सगळे मिळून जेमतेम ८४ सौदे. त्यातले सगळ्यात मोठे तीन नफे काढून आलेख पुन्हा बघा. तो आडवा झाला, तर उत्तर तिथेच आहे. इतक्या कमी सौद्यांच्या स्ट्रॅटेजीला मी टेस्ट निदान वर्षाची ठेवतो. काहींना हे फार सावध वाटतं, वाटू दे.

शेवटची दोनेक वर्षं यापैकी कशालाच दाखवली नसतील, तर ती तशीच बाजूला ठेवा आणि विंडो कायम झाल्यावर एकदाच चालवा. दाखवली असतील, तर नवीन डेटा साठेपर्यंत कागदावर सौदे लिहिण्याखेरीज दुसरा प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही.

जाता जाता एक. तुमच्या स्ट्रॅटेजीत २०० दिवसांची सरासरी असेल, तर टेस्टचा तुकडा सुरू होण्याआधीचे २०० दिवस तिला मोजायला मिळतात का, हे तपासा. काही टूल्स प्रत्येक तुकडा कोरा सुरू करतात. तीन महिन्यांत साधारण ६० दिवसच बाजार चालतो, म्हणजे ती सरासरी कधी तयारच होत नाही आणि सौदाच लागत नाही. मागचे भाव मोजायला घेतले म्हणून फसवणूक होत नाही, पुढचे घेतले तर होते.