वजन कमी करायला सुरुवात करण्याआधी कोणत्या तपासण्या कराव्यात?

"वय ४४, दिवसभर खुर्चीतले काम, वजन ८८ किलो. चालणे आणि आहार सुरू करायचा आहे. आधी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासावे का? नेमके काय आणि कसे?"

अवश्य तपासावे. मात्र पन्नास-साठ चाचण्यांच्या पॅकेजची गरज नाही, हे मी लॅबमध्ये काम करीत असूनही सांगतो. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी, कोलेस्टेरॉलसाठी लिपिड प्रोफाइल आणि सोबत साधा सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन व रक्तपेशींची तपासणी, इतके पुरेसे आहे.

रक्तदाबाचा आकडा सर्वांत जास्त फसवतो. जिना चढून आल्याबरोबर शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधला, तर आकडा विनाकारण चढलेला दिसतो. त्यासाठी घरीच दंडावर बांधण्याचे यंत्र वापरावे. अर्धा तास आधी चहा-तंबाखू टाळून, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकवून पाच मिनिटे शांत बसावे आणि हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर ठेवून एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. असे सात दिवस सकाळ-संध्याकाळ करून पहिला दिवस वगळून सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टरांना दाखवावी. आकडा वारंवार १८०/११० च्या घरात येत असेल, तर व्यायाम आधी नको, उपचार आधी.

साखरेसाठी रात्रभर किमान आठ तास उपास हवा. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. सीबीसी का, हे एका उदाहरणावरून कळेल. एका बाईंची उपाशीपोटीची साखर ९४ होती, पण एचबीएवनसी ६.३ आले, दोन्ही जुळेनात म्हणून पाहिले, तर हिमोग्लोबिन ८.९ होते. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी जास्त काळ रक्तात राहतात, म्हणून एचबीएवनसीचा आकडा फुगतो. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन सुधारल्यावर काही महिन्यांनी तोच आकडा ५.६ वर आला. सिकलसेल असलेल्यांत तर एचबीएवनसीवर विसंबूच नये. विदर्भात सिकलसेल जास्त आढळतो, म्हणून तेथील वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

लिपिड प्रोफाइलमध्ये ट्रायग्लिसराइड्स आदल्या दिवशीच्या मद्याने किंवा लग्नातल्या जेवणाने सहज वाढतात आणि ४०० च्या वर गेल्यास सूत्राने काढलेला एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा, विश्वासार्ह राहत नाही. वजन झपाट्याने उतरत असताना कोलेस्टेरॉल तात्पुरते वरखाली होते, म्हणून पहिली तपासणी सुरुवातीपूर्वीच करून घ्यावी. एलडीएल १९० च्या वर असेल, तर केवळ आहारावर थांबू नये.

आधीपासून मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्यापूर्वी डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा, नाही तर साखर अचानक उतरून घाम, थरथर आणि चक्कर येते. जिना चढताना छातीत दाटत असेल, तर रिपोर्ट चांगले असले तरी आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.