दुबईहून मंडळाला पत्र: मोबाईल धरणाऱ्या नव्या गड्यासाठी

मंडळी, नमस्कार.

यंदा कबड्डीचं प्रक्षेपण नवा पोरगा करणार असं कळलं. बाळा, हे तुझ्यासाठी.

इथे व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लागत नाही, तेव्हा कॉल करत बसू नकोस. यूट्यूबवर लाइव्ह कर. मोबाईलवरून लाइव्हला चॅनेलचे किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा परवानगी मिळायला २४ तास लागू शकतात, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशीच सुरू करून ठेव. तुमचे संध्याकाळचे ७ म्हणजे आमचे साडेपाच. त्या वेळी मी कामावरून परतणाऱ्या बसमध्ये असतो.

नवे लोक मोबाईल अंतिम रेषेमागे धरतात. तिथून खेळाडूंच्या पाठीच दिसतात, चढाई करणाऱ्याचा पाय बोनस रेषेपलीकडे पडला की नाही ते कळतच नाही. मध्यरेषेच्या टोकाला, बाजूला, उंच खुर्चीवर उभा राहा. मोबाईल आडवा धर आणि चढाईमागे फिरवत बसू नकोस.

नेट गेलं तर ग्रुपवर लिही, पण नुसतं "भारी!" नको. गुणांसोबत मैदानातले गडीही सांग. समज, १८-१५, आपले ४, त्यांचे ६. आपल्या गड्याने बोनस घेऊन एकाला बाद केलं, तर लिहायचं: "२०-१५, आपले ५, त्यांचे ५." समोर ५ उरले की बोनस बंद आणि लोणही जवळ येतो, हे मला एवढ्यावरूनच कळतं.