स्क्रीनवर १४२, हातात १४८.९०

प्रश्न: नवीनच डीमॅट खातं उघडलंय. एका छोट्या कंपनीचा शेअर १४२ ला दिसत होता म्हणून 'मार्केट'वर ४०० घेतले, तर सरासरी १४८.९० लागली. आधी चोवीसशे रुपये नफा दिसला, पाच मिनिटांत तोटा. ब्रोकरने गडबड केली का? 'लिमिट' टाकलं असतं तर काय झालं असतं?

उत्तर:

ब्रोकरने काही केलेलं नसावं. अ‍ॅपमधलं ट्रेडबुक उघडून बघा. तुमच्या एकाच ऑर्डरचे पाच-सहा तुकडे वेगवेगळ्या भावांना झालेले दिसतील, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

स्क्रीनवर ठळक दिसणारा १४२ हा शेवटच्या सौद्याचा भाव असतो. तो सौदा कदाचित वीस मिनिटांपूर्वी झालेला असेल, कदाचित तीनच शेअर्सचा असेल. त्या भावाला आत्ता कुणी विकायला बसलंय असा त्याचा अर्थ होत नाही. कोण कितीला विकायला तयार आहे हे मार्केट डेप्थमध्ये दिसतं. तुमच्या वेळचा डेप्थ माझ्यासमोर नाही, पण तुमच्या आकड्यांवरून तो साधारण असा असावा:

विकणारे: १४३ ला ४०, १४४.५० ला ७५, १४७ ला १२०, १५१ ला ५०, १५४.९० ला ३००.
घेणारे: १३९.५० ला ६०, १३८ ला ११०, १३६.२० ला २५, १३५ ला २००, १३३.५० ला ८०.

'मार्केट' म्हणजे एक्सचेंजला तुम्ही सांगितलंत की भाव काहीही असो, ४०० द्या. यंत्रणेने सगळ्यात स्वस्त विकणाऱ्यापासून सुरुवात केली. पहिले चार जण संपले तेव्हा २८५ शेअर्स झाले होते, उरलेले ११५ शेवटच्याकडून १५४.९० ला उचलले. एकूण ५९,५६१ रुपये, सरासरी १४८.९०. अशा ऑर्डरला वरून अडवणारी भिंत म्हणजे त्या दिवसाचं अपर सर्किट, त्या दिवशी भाव ज्याच्या वर जाऊच शकत नाही ती हद्द. काही ब्रोकर हल्ली स्वतःहून ठरावीक टक्क्यांची मर्यादा घालतात, पण त्यावर विसंबू नका.

आता तो चोवीसशेचा नफा. तुमच्या ऑर्डरचा शेवटचा तुकडा १५४.९० ला झाला, म्हणून शेवटच्या सौद्याचा भावही १५४.९० झाला आणि अ‍ॅपने तुमचे ४०० शेअर्स त्या भावाने मोजले. म्हणजे भाव तुम्हीच चढवलात आणि अ‍ॅपने तो तुम्हालाच नफा म्हणून दाखवला. मग कुणीतरी दहा-वीस शेअर्स विकायला काढले. ते समोरच्या १३९.५० च्या घेणाऱ्याला गेले आणि नफ्याच्या जागी ३,७६१ रुपये तोटा आला. तोही जरा सौम्यच आकडा. तो सौदा होण्याआधीच सगळे ४०० मार्केटवर विकले असते तर वरच्या घेणाऱ्यांच्या रांगेतून खाली उतरत सरासरी १३६.५६ मिळाली असती, म्हणजे जवळपास ४,९४० रुपये कमी. कंपनीबद्दल चांगली-वाईट एकही बातमी न येता आठ टक्के गेले!

तुम्ही १४५ चं लिमिट टाकलं असतं तर? नवीन लोकांचा इथे एक गैरसमज असतो की १४५ लिहिलं म्हणजे १४५ च द्यावे लागणार. तसं नाही. ती कमाल मर्यादा आहे. तुम्हाला ४० शेअर्स १४३ ला आणि ७५ शेअर्स १४४.५० ला मिळाले असते. राहिलेले २८५ घेणाऱ्यांच्या बाजूला १४५ या भावाने रांगेत उभे राहिले असते. त्या भावाला कुणी विकायला आलं तर मिळाले असते, नाहीतर साडेतीनला ऑर्डर रद्द. लिमिटची किंमत ही आहे: शेअर न मिळण्याची किंवा अर्धवट मिळण्याची. ज्यांना ती मोजायची नाही ते मार्केट दाबतात, पण पातळ, म्हणजे घेणारे-विकणारे कमी असलेल्या शेअरमध्ये दुसरी किंमत किती जबर असते ते तुम्ही बघितलंच.

आणखी एक कमी बोललं जाणारं नुकसान आहे. रांगेत उभं राहिलेलं लिमिट बरेचदा नेमकं वाईट बातमी आल्यावर भरलं जातं, कारण तेव्हाच विकणारे धावून येतात. म्हणून पातळ शेअरमध्ये ऑर्डर टाकून दिवसभर विसरून जाऊ नये.

रिलायन्स किंवा एचडीएफसी बँकेचे ४० शेअर्स घ्यायचे असतील तर यातलं फारसं काही लागू होत नाही. तिथे घेणारा आणि विकणारा यांच्यातलं अंतर बहुतेक वेळ काही पैशांचं असतं, मार्केट ऑर्डरनेही बिघडत नाही. पण मोठ्या शेअरचा डेप्थसुद्धा अथांग नसतो. ५ ऑक्टोबर २०१२ ला एका ब्रोकरकडून गेलेल्या ५९ चुकीच्या ऑर्डर्सनी साडेसहाशे कोटींहून जास्त विक्री झाली आणि निफ्टी काही क्षणांत सुमारे १५ टक्के कोसळून व्यवहार थांबवावे लागले. आपला आकार तेवढा नाही, पण छोट्या शेअरमध्ये साठ हजारांची ऑर्डरही तेच करते.

पातळ शेअर घ्यायचाच असेल तर मी आधी घेणाऱ्या-विकणाऱ्यातलं अंतर बघतो. तुमच्या शेअरमध्ये ते साडेतीन रुपये, म्हणजे अडीच टक्के होतं. एवढं अंतर दिसलं की मार्केट ऑर्डरचा विषय माझ्यासाठी संपतो. मग माझ्या भावापर्यंत किती शेअर्स उपलब्ध आहेत ते मोजतो आणि साधारण तेवढ्याचीच ऑर्डर टाकतो, बाकीचे नंतर किंवा दुसऱ्या दिवशी. शेअर एनएसई आणि बीएसई दोन्हीकडे असेल तर दोन्ही डेप्थ उघडतो. एकीकडे शुकशुकाट आणि दुसरीकडे बऱ्यापैकी गर्दी असं पुष्कळदा असतं. रात्री बातमी वाचून, बाजार बंद असतानाच आफ्टर-मार्केट ऑर्डर टाकायची सवय असेल तर ती निदान अशा शेअरसाठी लिमिटवरच टाका, कारण सकाळी समोर कोण असेल हे रात्री दिसत नाही.

डेप्थवरही डोळे झाकून विश्वास नको. विकणारा आपली पूर्ण संख्या न दाखवता थोडीच उघड करू शकतो, आणि दिसणारी मोठी ऑर्डर तुम्ही जवळ जाताच मागेही घेतली जाऊ शकते. शिवाय रांगेत आधी भाव, मग वेळ बघितली जाते. लिमिटचा भाव सारखा दहा पैशांनी बदलत बसलात तर प्रत्येक वेळी नव्या भावाच्या रांगेत शेवटी जाता.

आता हातात असलेल्या ४०० बद्दल. विकायचे असतील तर तेही लिमिटवर आणि तुकड्यांत. तोटा दिसतोय म्हणून स्टॉपलॉस, म्हणजे भाव तुम्ही ठरवलेल्या ट्रिगरपर्यंत उतरला की आपोआप विकायला जाणारी ऑर्डर, लावणार असाल तर जपून. पातळ शेअरमध्ये एका शेअरचा सौदाही तुमचा ट्रिगर उडवू शकतो, आणि ट्रिगरनंतर मार्केटवर जाणारी ऑर्डर घेणाऱ्यांच्या रांगेतून खाली घसरत जाते. बीएसईने २०२३ मध्ये हा मार्केटवर जाणारा स्टॉपलॉस प्रकार बंदच केला. ट्रिगरसोबत लिमिट असलेला प्रकार वापरा, आणि दोन्ही भावांत थोडं अंतर ठेवा, म्हणजे १३४ ट्रिगर असेल तर १३२ लिमिट. लोअर सर्किट, म्हणजे भाव उतरण्याची त्या दिवसाची हद्द, लागून घेणारा कुणी उरलाच नाही तर मात्र यातली कुठलीच ऑर्डर भरली जाणार नाही.