कार्डाची थकबाकी हलवा, पण जानेवारीचा हप्ता त्या कार्डावर नको

प्रश्न : माझ्या क्रेडिट कार्डावर १,२०,००० रुपये थकले आहेत, महिन्याला ३.५ टक्के व्याज लागते आणि मी दरमहा सहा हजार भरतो. दुसरी बँक ही रक्कम महिना सव्वा टक्क्याने, २४ हप्त्यांत, २ टक्के प्रक्रिया शुल्क घेऊन स्वतःच्या कार्डावर घेण्यास तयार आहे. दोन्ही स्टेटमेंटांत नोंद येईल म्हणतात, मग कोणती भरायची? जुन्या कार्डाची मर्यादा मोकळी झाली की जानेवारीत बचत विम्याचा ५०,००० रुपयांचा तिसरा हप्ता नेहमीप्रमाणे त्यावरच जाईल. त्यावर १२ टक्के परतावा मिळेल, असे सांगितले आहे. पगार ४२,०००.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : थकबाकी अवश्य हलवा. जुन्या कार्डावर महिन्याला ४,२०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ४,९५० रुपये जातात, म्हणजे तुमच्या सहा हजारांतून मुद्दल जेमतेम हजाराने कमी होते. नव्या योजनेत मासिक हप्ता साधारण ५,८०० रुपये बसेल आणि व्याजावरचा जीएसटी धरून सुरुवातीला ६,१०० रुपये होईल. शुल्क, व्याज आणि कर मिळून दोन वर्षांचा एकूण खर्च सुमारे २६,००० रुपये. एवढे पैसे जुन्या कार्डावर सव्वापाच महिन्यांतच जातात.

आता नोंदींविषयी. नव्या कार्डावर १,२०,००० रुपये नावे पडतील आणि त्यांचे हप्ते होतील, पण २,४०० रुपये शुल्क व ४३२ रुपये जीएसटी सहसा हप्त्यांत विभागले जात नाहीत, ते पहिल्याच बिलात एकरकमी येतात. म्हणून ते बिल सुमारे ८,९०० रुपयांचे असेल. जुन्या कार्डावर १,२०,००० रुपये जमा दिसतील, मात्र तेथील व्याज पैसे जमा होण्याच्या तारखेलाच थांबते, अर्ज मंजूर झाल्याच्या तारखेला नव्हे. समजा, बिल ५ तारखेला निघाले आणि पैसे २३ तारखेला जमा झाले, तर मधल्या १८ दिवसांचे व्याज करासह सुमारे २,९०० रुपये पुढच्या बिलात येईल. खाते मिटले असे समजून अनेक जण हे बिल उघडतही नाहीत आणि त्यावर विलंब शुल्क चढत जाते. तेव्हा दोन्ही बिले पूर्ण भरायची आहेत आणि पहिल्या फेरीत सहा नव्हे, जवळपास बारा हजार रुपये हाताशी लागतील. बिलाच्या अंतिम तारखेपर्यंत जुन्या कार्डावर पैसे जमा झालेले दिसले नाहीत, तर तिथली किमान रक्कम स्वतः भरून टाका. नव्या कार्डावर खरेदी करू नका, कारण एखाद्या महिन्यात पूर्ण बिल भरता आले नाही, तर त्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून पूर्ण दराने व्याज लागते.

तुम्ही ज्याविषयी विचारलेच नाही, ती गोष्ट याहून मोठी आहे. विम्याचे दोन हप्ते कार्डावरच गेले, म्हणजे १,२०,००० पैकी एक लाखाचे मूळ ही पॉलिसीच आहे. अशा पारंपरिक बचत विम्यातून दीर्घ मुदतीत साधारण ५ ते ६ टक्के हाती येतात. १२ टक्क्यांची आशा तुम्हाला ज्याने दाखवली, त्याने तुमची फसवणूक केली आहे. कार्डावर थकलेल्या ५०,००० रुपयांवर करासह वर्षाला सुमारे २५,००० रुपये व्याज जाते, आणि ते कशासाठी, तर अडीच-तीन हजार मिळवण्यासाठी. वर ४२,००० पगाराच्या माणसाला वर्षाला ५०,००० रुपयांचा हप्ता गळ्यात मारताना घरखर्चाचा हिशेब कोणीही विचारला नसावा, याचा मला मनापासून राग येतो.

तिसरा हप्ता भरू नका. दोन हप्ते पूर्ण भरलेले असल्याने विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : पॉलिसी ‘पेड-अप’ केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवली, तर मुदतीअखेर किती मिळतील आणि आज सरेंडर केली, म्हणजे मोडून पैसे परत घेतले, तर किती. सरेंडरमध्ये भरलेल्या पैशांचा बराच भाग बुडतो, पण जे मिळेल त्यातून नव्या कार्डाचे कर्ज मुदतीआधी फेडता येते. त्यासाठीचे शुल्क मात्र आधी विचारून घ्या. कुटुंब तुमच्यावर अवलंबून असेल, तर साधा मुदतीचा विमा हाती पडल्यावरच ही पॉलिसी थांबवा.

‘नेहमीप्रमाणे’ हा हप्ता आपोआप कापला जात असेल, तर एक काम थकबाकी हलवण्याआधीच करा. विमा हप्त्यांसाठी एक लाख रुपयांपर्यंतची ऑटो-डेबिट ओटीपीशिवाय करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये दिली आहे, त्यामुळे मर्यादा मोकळी होताच जानेवारीत ५०,००० रुपये त्या कार्डावरून केवळ एक पूर्वसूचना देऊन निघून जातील. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर हप्ता आपोआप कापण्याची स्थायी सूचना रद्द करा आणि रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवा. मागे राहिलेले व्याज भरून जुन्या कार्डाची बाकी शून्य झाली की ते बंद करण्याची लेखी विनंती द्या. बाकी नसेल, तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बंधनकारक आहे आणि त्यापुढे उशीर झाल्यास बँकेला दर दिवशी ५०० रुपये भरपाई तुम्हाला द्यावी लागते.