ट्रायल बॅलन्समध्ये ६०० चा फरक: चूक कुठे शोधायची?

प्रश्न: पुण्यात अकरावी कॉमर्सला आहे. वर्कशीटमध्ये अप्पा बळवंत चौकातलं एक स्टेशनरीचं दुकान दिलंय. रोख ५०,००० घालून धंदा सुरू. बँकेत २०,००० भरले. मोहनकडून १२,००० चा माल १०% व्यापारी सवलतीने उधार घेतला. रोख विक्री ६,०००. सीमाला ५,००० ची उधार विक्री. मोहनला १०,५०० चा चेक देऊन हिशोब पूर्ण मिटवला. मालकाने ४०० चा माल घरी नेला. भाडं ३,००० रोख दिलं. माझं डेबिट ६१,६०० आणि क्रेडिट ६१,००० येतंय. जर्नल दोनदा तपासलं, बरोबर आहे. आता काय करू?

उत्तर:

जर्नल तिसऱ्यांदा तपासू नकोस. सवलत खातं उघड आणि ३०० रुपये कोणत्या बाजूला लिहिलेत ते बघ. माझ्या अंदाजाने ते नावे बाजूला गेलेत, आणि ते जमा बाजूला हवेत.

मी सदाशिव पेठेत अकरावी-बारावीच्या मुलांना अकाउंट्स शिकवते. तेरीज जुळली नाही की बहुतेक मुलं सगळं खोडून पहिल्या व्यवहारापासून पुन्हा सुरुवात करतात. त्यात तासभर जातो आणि तीच चूक पुन्हा त्याच जागी होते, कारण ती करताना आपल्याला ती बरोबरच वाटत असते. त्याऐवजी फरकाचा आकडा वाचायला शिक.

तुझा फरक ६०० आहे. आधी पूर्ण ६०० शोधायचे: एखाद्या खात्याची शिल्लक ६०० आहे आणि ती तेरजेत उतरवायची राहिली, असं झालंय का? तुझ्या व्यवहारांत ६०० ची शिल्लक कुठेच येत नाही. मग निम्मे करायचे: ३००. एखादी रक्कम चुकीच्या बाजूला लिहिली, तर एक बाजू तेवढ्याने वाढते आणि दुसरी तेवढ्यानेच कमी होते, म्हणून फरक दुप्पट दिसतो. शेवटी ९ ने भागून बघायचं. आकडे उलटसुलट लिहिले, म्हणजे १०,८०० च्या जागी १८,००० झाले, तर फरक ७,२०० येतो आणि त्याला ९ ने पूर्ण भाग जातो. ६०० ला जात नाही, म्हणून तो रस्ता बंद. हे सगळं चूक एकच असेल तेव्हा चालतं. दोन-तीन चुका एकमेकींत मिसळल्या की फरकाचा आकडा काहीच सांगत नाही.

आता ३०० कुठे आहेत? १२,००० मधून १०% गेले की मालाची किंमत १०,८००. मोहनला दिले १०,५००. सोडलेले ३०० ही आपल्याला मिळालेली रोख सवलत. जर्नलमध्ये ही संयुक्त नोंद आहे: मोहन खाते नावे १०,८००, बँक खाते जमा १०,५००, सवलत खाते जमा ३००. जर्नल बरोबर आहे म्हणतोस, तर एवढं तू नीट लिहिलं असणार. गडबड पुढे, खतावणी करताना झाली.

मोहनच्या खात्यात नावे बाजूला दोन ओळी येतात: ‘टू बँक खाते १०,५००’ आणि ‘टू सवलत खाते ३००’. मुलं ती दुसरी ओळ लिहितात, तिथे ‘सवलत’ आणि ‘३००’ डाव्या हाताला दिसतात, आणि सवलत खातं काढताना तीच डावी बाजू हातून उतरते. पण मोहनच्या खात्यातली ओळ मोहनची आहे. त्याचं देणं ३०० ने कमी झालं म्हणून ती नावे. सवलत खात्यात ‘बाय मोहन खाते ३००’ असं जमा बाजूलाच हवं, कारण तो आपला फायदा आहे. एक सवय लाव: खतावणी करताना समोर फक्त जर्नल ठेव, आधी लिहिलेल्या दुसऱ्या खात्यावरून उतरवू नकोस. आणि जर्नलमधला खाते पानाचा रकाना त्या ओळीची खतावणी झाल्यावरच भर. तो रिकामा दिसला की कोणती ओळ राहिली ते लगेच कळतं.

दुरुस्तीनंतर तुझी खाती अशी यायला हवीत. रोख खात्यात ५६,००० आले आणि २३,००० गेले, नावे शिल्लक ३३,०००. बँक नावे ९,५००. खरेदी १०,८०० मधून घरी नेलेले ४०० वजा, म्हणजे नावे १०,४००. सीमा नावे ५,०००, उचल नावे ४००, भाडं नावे ३,०००. जमा बाजूला भांडवल ५०,०००, विक्री ११,०००, सवलत ३००. दोन्हीकडे ६१,३००. तुझं डेबिट यापेक्षा बरोबर ३०० ने जास्त आणि क्रेडिट बरोबर ३०० ने कमी आहे, म्हणून मी एवढ्या खात्रीने सवलत खात्याकडे बोट दाखवलं.

मोहनचं खातं या यादीत नाही, कारण त्याची शिल्लक शून्य आहे. याकडे मी मुलांचं मुद्दाम लक्ष वेधते. समजा, व्यापारी सवलत वजा करायची विसरून खरेदीची नोंद १२,००० ने केली असती. खरेदी खातंही १,२०० ने जास्त, मोहनचं खातंही १,२०० ने जास्त. तेरीज दोन्हीकडे ६२,५०० वर सुरेख जुळली असती आणि तुला वाटलं असतं की वर्कशीट संपलं. पण मोहनच्या खात्यात १,२०० जमा शिल्लक राहिली असती, आणि प्रश्न म्हणतो की त्याचा हिशोब पूर्ण मिटवला! ‘पूर्ण मिटवला’ असं जिथे लिहिलंय, तिथे ते खातं शून्यावर आलंच पाहिजे. तेरीज फक्त दोन बाजू सारख्या आहेत एवढंच सांगते. दोन्ही बाजूंना सारखीच चुकलेली रक्कम तिला दिसत नाही. भाड्याचे ३,००० उचल खात्यात नावे टाकलेस तरी ती जुळेलच. म्हणून जुळल्यावरही प्रत्येक व्यक्तीचं खातं प्रश्नातल्या वाक्याशी एकदा ताडून बघ. इथे दोनच आहेत, मोहन आणि सीमा, दोन मिनिटांचं काम.

खाली सस्पेन्स खातं घालून ६०० जुळवून टाकायचा मोह होईल. तसं करू नकोस. ते खातं चूक सापडेपर्यंत फरक तात्पुरता ठेवण्यासाठी असतं, आणि तुझी चूक तर सापडली आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मालकाने घरी नेलेले ४०० मी खरेदी खात्यातून कमी केले आहेत. काही शिक्षक त्यासाठी वेगळं खातं काढून ते जमा करायला लावतात. तसं केलं तर खरेदी १०,८०० नावे राहील, ते नवं खातं ४०० जमा दाखवेल, आणि दोन्ही बाजूंची बेरीज ६१,७०० होईल. तुमच्या कॉलेजात दिलेलं उत्तर ६१,७०० असेल तर फरक एवढाच आहे, पुन्हा चूक शोधत बसू नकोस.